चार दारांना किती लिटर पॉलिश?

पॉलिशवाला चार दारांवर नजर फिरवून ‘दहा लिटर लागेल’ म्हणतो. दुकानदार डब्यावरचा आकडा पाहून ‘सहा पुरे’ सांगतो. घरमालकाला वाटतं, दोघांपैकी एक जण फसवतोय. खरं तर हिशेबाची रीत दोघांचीही एकच असते: क्षेत्रफळ गुणिले हात, भागिले एका लिटरमध्ये होणारे चौरस फूट. फरक पडतो तो या सूत्रात कोण काय मोजतो आणि काय सोडतो, यामुळे.

हे नेमकं कसं घडतं ते पाहू. फ्लॅटचं मुख्य दार सागाचं, पॅनेलचं, चौकटीसह साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच. आतली तीन दारं सागाचं व्हीनियर लावलेली फ्लश डोअर, प्रत्येकी चौकटीसह तीन बाय सात. सगळ्यांना दोन घटकांचं पीयू पॉलिश करायचंय: सीलरचे दोन हात आणि वरच्या पॉलिशचे दोन.

दुकानदाराने उंचीला रुंदीने गुणलं आणि दोन बाजू धरल्या. मुख्य दाराचे ४९ चौरस फूट, आतल्या तीन दारांचे १२६, एकूण १७५. डब्यावर लिटरला १०० ते १२० चौरस फूट लिहिलेलं असतं, त्याने १२० धरले. चार हातांचे झाले ५.८ लिटर, म्हणजे ‘सहा पुरे’.

पण दार म्हणजे सपाट फळी नव्हे. दाराला कडा असतात, चौकटीला दोन्ही बाजूंना दर्शनी पट्ट्या असतात, शिवाय भिंतीच्या जाडीत जाणारी आतली बाजू असते. पॅनेलच्या दाराला तर प्रत्येक पॅनेलभोवतीची गोलाई आणि खाच वेगळी. हे सगळं टेपने मोजत बसायला नको म्हणून सरकारी बांधकामाच्या मोजमापात गुणक ठरवून दिलेले आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तक्त्यात पॅनेलच्या दाराला प्रत्येक बाजूस १.३०, फ्लश दाराला १.२०, आणि झडपांच्या म्हणजे लूव्हर्सच्या दाराला तब्बल १.८० गुणक आहे. मोजायचं मात्र चौकटीसह, सरळ उंची गुणिले रुंदी. कडा त्यातच आल्या.

गुणकावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसेल तर एक फ्लश दार टेपने मोजून पाहावं. चौकट चार बाय अडीच इंचाची असेल तर दाराचा पल्ला साधारण ३२ इंच रुंद आणि पावणेसात फुटांहून किंचित उंच भरतो. त्याच्या दोन बाजूंचे ३६ चौरस फूट, चारी कडांचे सव्वादोन, चौकटीच्या दर्शनी पट्ट्यांचे दोन्ही बाजू मिळून सात आणि आतल्या बाजूचे साडेपाच. एकूण ५१च्या आसपास. गुणकाने येतात २१ गुणिले १.२० गुणिले २, म्हणजे ५०.४. इतकं जवळचं उत्तर मिळत असेल तर घरच्या कामाला गुणक बेलाशक वापरावा. वाड्याच्या कोरीव दाराला मात्र तो चालत नाही. आणि लाकडी जमिनीला तो लागतच नाही. ती एकाच बाजूने सपाट असते, लांबी गुणिले रुंदी केली की झालं.

आपल्या चार दारांचं खरं क्षेत्रफळ आता असं येतं: मुख्य दाराचे २४.५ गुणिले १.३० गुणिले २, म्हणजे ६३.७, आणि आतल्या तिघांचे १५१.२. एकूण २१५ चौरस फूट. दुकानदाराच्या हिशेबातून ४० चौरस फूट इथेच गळाले होते.

दुसरी गळती डब्यावरच्या आकड्यात आहे. एक लिटर पॉलिश १०० चौरस फुटांवर पसरलं तर ओला थर सुमारे १०८ मायक्रॉनचा बसतो, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतका. त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं. पॉलिशमध्ये आकारमानाने ४० टक्के घन भाग असेल तर वाळल्यावर ४३ मायक्रॉन उरतात. हे गणित ध्यानात असलं की अवाच्या सवा दावे लगेच ओळखता येतात. त्याच पॉलिशचं ‘लिटरमध्ये अडीचशे फूट करून देतो’ असं कोणी म्हटलं, तर वाळलेला थर १७ मायक्रॉनचाच बसेल. काम झाल्या दिवशी ते दारही चकचकीत दिसतं. पण हँडलजवळ, जिथे रोज हात लागतो, तिथली चमक सर्वांत आधी जाते.

असे जादा फूट निघतात ते बहुतेक वेळा थिनर वाढवून. थिनरने मिश्रणाचे लिटर वाढतात, थर वाढत नाही. कंपनीने सांगितलेलं थिनर घालावंच लागतं, पण पॉलिशच्या लिटरमध्ये ते मोजू नये.

डब्यावरचा आकडा गुळगुळीत, आधीच सील झालेल्या पृष्ठभागाला जुळतो. कोरं लाकूड पहिला हात पिऊन घेतं, आणि दाराची वरची-खालची कड, जिथे लाकडाच्या नळ्या कापलेल्या असतात, ती सर्वांत जास्त पिते. म्हणून मी सीलरच्या पहिल्या हाताला लिटरला ८० चौरस फूट धरतो आणि पुढच्या हातांना १००. सीलरचा पहिला हात २.७ लिटर आणि दुसरा २.१५. ब्रशला, भांड्याला लागून जाणारं दहा टक्के धरलं तर सीलर झालं ५.३ लिटर. वरच्या पॉलिशचे दोन हात ४.३, दहा टक्के धरून ४.७. एकूण बरोबर दहा लिटर. पॉलिशवाल्याचा अंदाज अनुभवाचा होता.

हे लिटर तयार मिश्रणाचे आहेत. डब्यावर बेस आणि हार्डनरचं प्रमाण दोनास एक असेल, तर ४.७ लिटरसाठी बेस ३.१५ आणि हार्डनर १.६ लागेल. एकदा मिसळलं की ते काही तासांत घट्ट होतं, म्हणून एका वेळी एकाच हातापुरतं, म्हणजे सुमारे २.४ लिटर कालवावं.

काम साध्या कॉम्प्रेसरच्या स्प्रे गनने होणार असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. गनमधून निघालेला बराचसा फवारा दारावर न बसता हवेत जातो. ४० टक्के वाया गेलं असं धरलं तर वरच्या पॉलिशच्या दोन हातांना ४.३ भागिले ०.६, म्हणजे ७.२ लिटर लागतात. म्हणून भाव ठरवतानाच ब्रश की स्प्रे हे विचारून घ्यावं.

माल कमी पडतो तो नेमका शेवटच्या दाराला, आणि मग खालची कड कोरी राहते. पल्ला बिजागरीवर असताना ती दिसत नाही. फरशीवर लहान आरसा सरकवून पाहावी, आणि ओल्या बोटाने पाण्याचा थेंब टेकवावा. लाकूड तिथे लगेच काळसर झालं तर कड सील झालेली नाही. पावसाळ्यात ती दमट हवेतलं पाणी ओढते, दार फुगतं आणि फरशीला घासू लागतं.

सगळा माल एकदम आणण्याआधी एक फ्लश दार सीलरच्या पहिल्या हाताने करून घ्यावं, आणि मापाच्या भांड्यात किती गेलं ते पाहावं. ८०च्या हिशेबाने ५०.४ चौरस फुटांना ६३० मिलिलिटर लागायला हवं. ८०० लागलं तर तुमचं लाकूड लिटरला ६३ चौरस फूटच देतंय, आणि चारही दारांच्या त्या हाताला २.७ऐवजी ३.४ लिटर सीलर लागेल. ४०० मिलिलिटरमध्येच भागलं, तर आधी कडा तपासाव्यात आणि थिनर किती घातलंय ते विचारावं.