दोन्ही बाजूंना x असेल तर

7x − 4 = 3x + 12 हे समीकरण घ्या. बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजूचा काटा. एका पारड्यात जे कराल तेच दुसऱ्यातही करायचे, म्हणजे समतोल टिकतो.

आधी x एकाच बाजूला आणू. दोन्ही बाजूंतून 3x वजा करा:

7x − 4 − 3x = 3x + 12 − 3x
4x − 4 = 12

आता डावीकडचा −4 घालवण्यासाठी दोन्हीकडे 4 मिळवा:

4x − 4 + 4 = 12 + 4
4x = 16

शेवटी दोन्ही बाजूंना 4 ने भागा: x = 4.

'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' एवढेच पाठ केलेली मुले इथेच हमखास अडखळतात. 3x चे चिन्ह न बदलता ते डावीकडे आणले, की 10x = 16 होते आणि उत्तर 1.6 येते. खरे तर पद कुठेही जात नाही. दोन्हीकडून 3x वजा होते, म्हणून उजवीकडचे नाहीसे होते. सुरुवातीला ही वजाबाकी पूर्ण लिहाच.

ताळा मूळ समीकरणातच करावा. x = 4 ठेवल्यास डावीकडे 28 − 4 = 24, उजवीकडे 12 + 12 = 24. मात्र 1.6 ठेवल्यास डावीकडे 7.2 आणि उजवीकडे 16.8 येतात, म्हणजे ते उत्तर चूक आहे.