रोवणीनंतर धरलेली कंबर: नुसतं पडून राहिल्याने का सुटत नाही?

गोंदियालगतच्या मुर्रीत आणि आसपासच्या धानपट्ट्यात पाऊस लागला की रोवणी सुरू होते. पऱ्ह्यांची पेंडी एका हातात धरून, चिखलात मागे-मागे सरकत, बाया दिवसभर वाकून रोवतात. रोवणी आटोपते, पण कित्येकींची कंबर धरलेलीच राहते आणि धानकापणीपर्यंत सुटत नाही. अशा कंबरेबद्दलचे चार समज तपासून पाहू.

गैरसमज: चार दिवस पडून राहिलं की कंबर सुटते.

वस्तुस्थिती: हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितलं. रोजची कामं चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले, झोपून राहिलेले सर्वांत उशिरा. दुखणं जोरात असताना थोडा वेळ आडवं होण्यात काही चूक नाही, पण त्याला उपचार समजून दिवसचे दिवस पडून राहिलं तर स्नायू अशक्त होतात आणि सांधे आखडतात.

गैरसमज: कंबर ताठरली म्हणजे स्नायू थकलेत, आराम दिला की सैल होतील.

वस्तुस्थिती: निरोगी माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू आपलं काम थांबवतात आणि भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर जातो. तासन्‌तास वाकून राहिल्यावर हे अस्थिबंध ताणले जातात आणि पूर्ववत व्हायला त्यांना बराच वेळ लागतो. अशा वेळी पाठ जपण्यासाठी मेंदू स्नायूंना आवळून धरतो. सुरुवातीला ते योग्यच असतं. पण जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांमध्ये पूर्ण वाकल्यावरही स्नायू सैल पडत नाहीत, हे स्नायूंमधले विद्युतसंकेत मोजून दिसलेलं आहे. धोका टळला तरी राखण सुटत नाही. त्यात कर्जाची, पावसाची चिंता आणि अपुरी झोप यांची भर पडली की स्नायू आणखी ताठतात आणि तीच कळ जास्त जाणवते. पडून राहिल्याने थकवा जातो, पण वाकणं सुरक्षित आहे हे मेंदूला कळत नाही. ते हालचालीतूनच कळतं.

गैरसमज: एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, म्हणजे आता वाकायचंच नाही.

वस्तुस्थिती: कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये मांडल्या गेल्या. त्यांत चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या मणक्यातली गादी फुगलेली होती. वयानुसार होणारा असा बदल दिसला, म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं होत नाही.

गैरसमज: हालचाल करताना दुखतंय, म्हणजे इजा वाढतेय.

वस्तुस्थिती: हालचालीत थोडं दुखणं म्हणजे इजा वाढणं नव्हे, फक्त मात्रा बेताने वाढवावी लागते. समजा, रोवणीपासून तीन महिने कंबर धरलेली चाळिशीतली बाई आहे. सकाळी ती ताठ उठते, पट्टा बांधते, दुपारी आडवी होते आणि उठल्यावर पुन्हा ताठ असते. तिने आधी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं चालायला सुरुवात करावी. मग दर आठवड्याला थोडा वेळ वाढवत, आठवड्यातले पाच दिवस सलग अर्धा तास चालण्यापर्यंत जावं. सोबत पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर हळूच वर उचलण्याचा व्यायाम आठ-दहा वेळा करावा. नंतर स्टुलावर बसून, श्वास सोडत, पोट सैल ठेवून पुढे वाकावं आणि क्षणभर तसंच राहावं. आवळून धरलेल्या स्नायूंना सोडायला शिकवणारा हाच भाग आहे.

खूण सोपी आहे. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकंच राहिलं, तर मात्रा बरोबर आहे. सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर मात्रा निम्मी करावी. बंद करू नये. फरक काही आठवड्यांत हळूहळू पडतो आणि दुखणं पूर्ण जाईलच असंही नाही. पण बरं वाटल्यावरही चालणं सोडू नये. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 जणांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात (2024) चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांना दुखणं न उलटता मिळालेल्या दिवसांचा मध्यक 208 होता, इतरांचा 112.

पुढच्या रोवणीत दर वीसेक मिनिटांनी उभं राहून, कंबरेवर हात ठेवून, चार-पाच वेळा मागे झुकावं. ताणलेल्या अस्थिबंधांना तेवढी उसंत मिळते.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तापासोबत कंबर दुखत असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावं.