बारा व्होल्टचे पाच करताना

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजून पंप चालू-बंद करणारा छोटा बोर्ड घ्या. त्यात वायफाय असलेला ईएसपी ३२, एक रिले आणि पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर. घरात बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर सहज सापडतो, पण बोर्डाला हवे असतात पाच व्होल्ट. मधले सात व्होल्ट कमी करायला दुकानात दोन वस्तू मिळतात. एक म्हणजे ७८०५ हा तीन पायांचा लिनिअर रेग्युलेटर. दुसरी म्हणजे एलएम २५९६ वर बांधलेलं, बोटभर लांबीचं बक कन्व्हर्टरचं मॉड्यूल. दोघांच्याही पलीकडे पाच व्होल्टच मिळतात, त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो नको असलेल्या सात व्होल्टांचं काय होतं हे पाहिल्यावर.

लिनिअर रेग्युलेटर ते सात व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्यांची उष्णता करतो. वायफाय सुरू असताना रिलेही ओढलेला असेल, तर आपला बोर्ड सरासरी पाव अँपिअर घेतो असं धरू. सात गुणिले पाव म्हणजे पावणेदोन वॉट. आकडा लहान दिसतो, पण हीटसिंक न लावलेला ७८०५ दर वॉटमागे साधारण साठ अंशांनी तापतो. म्हणजे आतल्या चिपचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा शंभराहून जास्त अंशांनी चढतं. एप्रिलच्या उन्हात बंद प्लास्टिकच्या डबीतली हवा पंचेचाळीस अंशांवर गेली, की चिप दीडशेच्या आसपास पोहोचते. तिथे ७८०५ची अंगभूत संरक्षण-यंत्रणा पुरवठा तोडते. थोडं थंड झालं की तो पुन्हा सुरू होतो.

वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सकाळी नीट चालणारा बोर्ड दुपारी दर काही मिनिटांनी रीस्टार्ट होतो, आणि दोष जातो प्रोग्रामला किंवा वायफायला. अशा वेळी डबीचं झाकण उघडून ठेवावं. तेवढ्यानं बोर्ड सुरळीत चालू लागला, तर संशय रेग्युलेटरवरच घ्यावा. मल्टिमीटर लावून ठेवला तर पाच व्होल्ट खाली कोसळताना आणि परत येताना दिसतील.

बक कन्व्हर्टर हे व्होल्ट जाळत नाही. त्यातला स्विच सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होतो. चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद असताना तीच बोर्डाकडे जाते. त्यामुळे बोर्ड पाव अँपिअर घेत असला, तरी अ‍ॅडाप्टरमधून सुमारे ०.१३ अँपिअरच निघतो. वाया जातं ते जेमतेम एक तृतीयांश वॉट. या टाकीच्या बोर्डासाठी मी डोळे झाकून बक घेईन.

फक्त ते बोर्डाला थेट जोडू नये. नव्या मॉड्यूलचा स्क्रू बहुधा कुठल्या तरी भलत्याच व्होल्टेजवर असतो, कधीकधी जवळपास बारावरच. आधी नुसत्या मॉड्यूलला बारा व्होल्ट द्यावेत, मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत पाचवर आणावं, मगच बोर्ड जोडावा. स्क्रूला बरेच फेरे लागतात. सुरुवातीचे काही फेरे आकडा हललाच नाही, तर मॉड्यूल बिघडलंय असं समजू नये.

बकचा एक खरा दोष आहे. त्याच्या पाच व्होल्टांवर काही मिलिव्होल्टांची थरथर असते. ध्वनिलहरीनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरला तिचा फारसा त्रास होत नाही, कारण तो वेळ मोजतो. पण पाण्याचा दाब व्होल्टेजच्या रूपात सांगणारा सेन्सर असेल, तर त्याचा आकडा नाचू लागतो. त्यावर बकच्या पुढे लिनिअर रेग्युलेटर लावावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. एवढ्या जलद थरथरीला बरेचसे साधे लिनिअर रेग्युलेटर नीट अडवू शकत नाहीत. मध्ये एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर लावला, तर खरा फरक पडतो.

हाच विचार बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डाला लावला, की उत्तर उलटू शकतं. समजा शेतातला ओलावा मोजणारा बोर्ड आहे. तो तासातून काही सेकंद जागा होऊन साध्या रेडिओनं वीसेक मिलिअँपिअरमध्ये आकडा पाठवतो आणि उरलेला वेळ झोपतो. एलएम २५९६ मात्र झोपत नाही. बोर्ड काही घेत नसला, तरी तो स्वतःसाठी सुमारे पाच मिलिअँपिअर घेत राहतो. दिवसाला हे १२० मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे सात अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांच्या आतच रिकामी. ७८०५ची स्वतःची भूकही जवळपास तेवढीच, त्यामुळे इथे तोही नको. एचटी ७५३३ सारखा लिनिअर रेग्युलेटर मात्र काही मायक्रोअँपिअरवर भागवतो आणि थेट ३.३ व्होल्ट देतो. वीस मिलिअँपिअरला त्याच्यावर एक पंचमांश वॉटही पडत नाही, तेही काही सेकंदच. त्याची मर्यादा शंभर मिलिअँपिअरची. त्यामुळे याच शेतात ईएसपी ३२ बसवला, तर वायफाय सुरू होताच व्होल्टेज कोसळेल. तिथे विनाभार फार कमी करंट घेणारा बकच शोधावा लागतो, आणि त्यासाठी डेटाशीटमध्ये ‘क्विसेंट करंट’ची ओळ पाहावी लागते.