अंड्यांवर बसलेली अजगरीण का थरथरते?

गेल्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचतीचा हिशेब झाला, चहा झाला आणि मग गप्पा निघाल्या. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या एका ताईंनी एक गोष्ट सांगितली. हंगामाच्या अगदी शेवटी, उन्हं तापू लागली तेव्हा, फडाच्या कडेला एका जुन्या बिळाच्या तोंडाशी त्यांना मोठा अजगर दिसला. एकावर एक चुंबळी रचाव्यात तसा तो बसला होता, डोकं सगळ्यात वर. आणि थोड्या थोड्या वेळानं त्याचं सगळं अंग झटके देत होतं. कुणी म्हणालं त्याला आकडी आलीय, कुणी म्हणालं तो झेप घ्यायच्या तयारीत आहे. गड्यांनी काठ्या आपटून त्याला हुसकावलं. खाली पांढऱ्या अंड्यांचा ढीग निघाला. एका बाईला दया आली. तिनं ती अंडी सुटी करून पाटीत, पाचटावर ठेवली, कोंबडीची ठेवतो तशी, रोज खालीवरही केली. एकही पिल्लू निघालं नाही.

ताईंनी आम्हाला विचारलं, “तो अजगर आजारी होता का? आणि आम्ही अंडी एवढी जपली, तरी ती वाया का गेली?” आजचं आपलं बोलणं या दोन प्रश्नांवर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तो अजगर आजारी नव्हता. ती मादी होती, अंड्यांवर बसलेली आई होती, आणि ते झटके म्हणजे तिची चूल होती.

हे समजायला आपली खुडूक कोंबडी डोळ्यांपुढे आणा. कोंबडीचं अंग मुळातच गरम असतं, आपल्यापेक्षाही गरम. ती अंड्यांवर नुसती बसली तरी ऊब मिळते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. सापाचं तसं नाही. सापाच्या अंगात आपली अशी कायमची ऊब नसते. भोवतालची हवा आणि जमीन जेवढी गरम, साधारण तेवढंच त्याचं अंग गरम. म्हणून बहुतेक साप उबदार, दमट जागा पाहून अंडी घालतात आणि निघून जातात. अजगराची मादी मात्र अंड्यांना वेढे घालून बसते. पण थंड अंगानं नुसतं बसून ऊब कुठून येणार? ती तिला तयार करावी लागते.

आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते, दात वाजतात. त्या वेळी आपले स्नायू आखडतात आणि सैल होतात, पुन्हा आखडतात. त्यातून काही काम होत नाही, पण स्नायूंत जळणारं इंधन उष्णता देतं. अजगरीण हेच करते. डोक्यापासून शेपटीपर्यंत तिचं अंग म्हणजे जवळपास सगळा स्नायूच. ते स्नायू ती ठरावीक वेळानं आखडते. जागची हलत नाही, पण वेढ्यांवरून झटका गेलेला डोळ्यांना दिसतो. हवा जितकी गार, तितके झटके जास्त. हवा पुरेशी तापली की झटके बंद.

हे माणसांनी मानायला बराच काळ घेतला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानात फिरून गेला. इथली अजगरीण अंडी उबवते आणि तिचं अंग त्या वेळी गरम लागतं, असं त्यानं पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं. साप आणि ऊब? त्यांनी ते खरं धरलं नाही. मग 1841 साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगरीण अंड्यांवर बसली. व्हालांसिएन नावाच्या शास्त्रज्ञानं तिच्या वेढ्यांत तापमापक ठेवून पाहिला. वेढ्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब होती. सुमारे दोन महिने ती बसून राहिली आणि शेवटी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

ऊब आहे हे कळलं, पण ती झटक्यांमुळेच येते का, हे नीट मोजलं गेलं ते 1966 साली, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात. तिथली अजगरीण आपल्या अजगराच्या अगदी जवळच्या जातीची, ब्रह्मदेशाकडची होती. शास्त्रज्ञांनी तिच्या जागेतली हवा हळूहळू गार केली आणि तीन गोष्टी पाहिल्या: झटके किती, अंग किती गरम, आणि श्वासातून प्राणवायू किती खर्च होतो. हवा 33 अंशांच्या वर होती तोवर ती शांत होती. त्याखाली जाताच झटके सुरू झाले. हवा आणखी गार झाली तसे ते वाढत गेले. तिचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा 4.7 अंशांपर्यंत जास्त गरम राहिलं. आणि हवा साडेपंचवीस अंशांवर असताना तिचा प्राणवायूचा खर्च, एरवी त्याच गारव्यात ती नुसती पडून असते त्याच्या नऊपट झाला. चुलीत नऊपट लाकडं घालावीत तसं हे झालं.

आता तुम्ही म्हणाल, चार-पाच अंशांसाठी एवढा खटाटोप? पण अजगराच्या अंड्याला तेच चार-पाच अंश लागतात. अंडी 30 ते 32 अंशांच्या आसपास राहिली तर गर्भ नीट वाढतो आणि साधारण दोन महिन्यांत पिल्लं निघतात. सतत चार-पाच अंश कमी मिळाले तर बरेच गर्भ आतच मरतात, किंवा पिल्लू व्यंग घेऊन बाहेर येतं.

आपल्याकडचं हवामान डोळ्यांपुढे ठेवा. आपल्या देशातली अजगरीण साधारण मार्च ते जून या काळात अंडी घालते. जालन्याच्या मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. त्या वेळी तिला झटक्यांची गरज नसते. उलट बिळाची सावली आणि ओल अंड्यांना वाचवते. कस लागतो तो पहाटे, आणि वळवाचा पाऊस पडून एकदम गारवा आला की. दुपारी शांत दिसलेली मादी म्हणूनच पहाटे थरथरताना दिसेल. एकाच दिवसात दोन्ही दिसलं तरी नवल नाही.

या चुलीला लाकूड कुठून येतं? आईच्या अंगातल्या चरबीतून. अंड्यांवर बसल्यापासून पिल्लं निघेपर्यंत ती शिकारीला जात नाही. जवळपास दोन महिने उपास, त्यात नऊपट खर्च. उठते तेव्हा ती हाडकुळी झालेली असते. मरतुकडी झालेली मादी पुढच्या वर्षी अंडी घालेलच असं नाही, कारण आधी तिला अंग भरून काढावं लागतं. तिला हुसकावलं तर फक्त या वर्षाची अंडी जात नाहीत, तिनं जाळलेली वर्षभराची पुंजीही जाते.

सगळेच अजगर हे करत नाहीत, हेही सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेतली अजगरीण थरथरत नाही. ती बिळाबाहेर येऊन उन्हात अंग तापवते आणि परत जाऊन अंड्यांभोवती बसते, गरम वीट फडक्यात गुंडाळून ठेवावी तसं. ऑस्ट्रेलियातल्या काही जाती मात्र आपल्यासारख्याच थरथरतात. आणि या चुलीलाही मर्यादा आहे. हवा फारच गार झाली, तर कितीही झटके दिले तरी अंडी पुरेशी तापत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. पाटीतली अंडी वाया का गेली? तीन कारणं. पहिलं, पाचटाला स्वतःची ऊब नसते. ते ऊब धरून ठेवतं, तयार करत नाही. रात्री अंडी गार पडली. दुसरं, अजगराच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. उघड्यावर त्यातलं पाणी उडून जातं आणि अंडं खोलगट चेपतं. आईचे वेढे ऊब देतात तशी ओलही धरून ठेवतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं. कोंबडी अंडी चोचीनं फिरवते, आणि त्यांना ते लागतंच. सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटून वाढतो. अंडं उलटं केलं की तो खाली दबतो आणि मरू शकतो. अजगराची अंडी एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे ती आपोआप जागच्या जागी राहतात. त्या बाईनं ती सुटी केली, खालीवर केली. तिनं कोंबडीचं शहाणपण वापरलं. तिचा हेतू चांगला होता, पण अंडं वेगळं होतं.

मग असं काही दिसलं तर काय करायचं? पहिली गोष्ट, जवळ जायचं नाही. अजगर विषारी नाही, पण दात तीक्ष्ण असतात आणि अंड्यांवरची आई चावू शकते. त्याहून मोठा धोका असा की अजगर समजून आपण घोणशीजवळ जाऊ. घोणसही जाड असते, वेटोळं करून बसते, अंगावर ठिपके असतात, आणि तिचा चावा जीव घेतो. घोणशीचे ठिपके साखळीसारखे ओळीत असतात, अजगराचे पट्टे वेडेवाकडे असतात. घोणस अंडीही घालत नाही, तिला थेट पिल्लंच होतात. पण हे ओळखायला कुणी जवळ वाकून पाहू नका. लांबून अंडी दिसली नाहीत तर ती घोणसच समजा.

दुसरी गोष्ट, अंड्यांना हात लावू नका आणि आईला हुसकावू नका. ती पाठलाग करत नाही. दहा-पंधरा पावलांवरून दुसरी वाट धरा, लेकरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. तो भाग शेवटी तोडायला मुकादमाला सांगा. वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. अजगर हा कायद्यानं पूर्ण संरक्षित प्राणी आहे. त्याला मारणं किंवा त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. अंडी हलवावीच लागली तर ते काम वन विभागाची माणसंच करतात. वरच्या बाजूला खूण करून, न फिरवता.

बैठक संपताना त्या ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ती थरथर आम्हाला भिऊन नव्हती. लेकरांसाठी होती.” आम्ही हो म्हणालो. या हंगामात फडावर जाताना त्या हे टोळीतल्या सगळ्यांना सांगणार आहेत. तुम्हीही तुमच्या गटात सांगा. पुढच्या वेळी भेटू.