अनुवादाचा व्यवसाय (भाग ६) : शब्द कुणाचे मोजायचे?

मागच्या भागात ग्राहक कुठे भेटतात ते पाहिलं. आता तो भेटला आहे आणि त्याचा मेल आला आहे : “चोवीस पानी पुस्तिका आहे, पाचेक हजार शब्द असतील. मराठी करून हवी. किती घ्याल?” या मेलला लगेच आकडा कळवणारा अनुवादक बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून पैसे घालतो. पाच हजार हा ग्राहकाचा अंदाज आहे. तो लबाडीने सांगत नाही, त्याने मोजलेलं नसतं इतकंच.

उदाहरणासाठी एक काल्पनिक काम घेऊ. गोठ्यात वापरायच्या दूध काढणी यंत्राची माहितीपुस्तिका आहे. मूळ इंग्रजी, वर्डच्या फाइलमध्ये. ती उघडली की खालच्या पट्टीत आकडा दिसतो : ६,१८०. त्या आकड्यावर क्लिक केलं की `Word Count` ची चौकट उघडते आणि तिथे `Include textboxes, footnotes and endnotes` अशी खूण करायची जागा असते. खूण केल्यावर आकडा ६,७४० होतो. चौकटींतल्या धोक्याच्या सूचना आणि तळटीपा आता मोजल्या गेल्या. पण वर्ड पानाच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांतला मजकूर मोजत नाही आणि चित्रातलं तर त्याला काहीच वाचता येत नाही. यंत्राच्या भागांची नावं नऊ चित्रांवर छापलेली आहेत. ती बोट ठेवून मोजायची : २१०. शिवाय मेलच्या शेवटच्या ओळीत “सोबतची एक्सेलही बघा” असं लिहिलेलं आहे. त्यात यंत्राच्या छोट्या पडद्यावर उमटणारे संदेश आहेत, ६४० शब्द. एक्सेलमध्ये वर्डसारखी मोजणी नसते, म्हणून तो मजकूर कोऱ्या वर्ड फाइलमध्ये चिकटवून मोजायचा. एकूण ७,५९० झाले, म्हणजे ‘पाचेक हजारां’च्या दीडपट.

आता मुख्य प्रश्न. दर मूळ इंग्रजी शब्दांवर सांगायचा की आपण लिहिलेल्या मराठी शब्दांवर? ‘क्लीन द फिल्टर ऑफ द पंप विथ अ सॉफ्ट ब्रश बिफोर स्टार्टिंग द मशीन’ हे चौदा शब्द आहेत. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी पंपाची गाळणी मऊ ब्रशने साफ करा’ हे नऊ. इंग्रजीतली उपपदं मराठीत लागत नाहीत आणि शब्दयोगी अव्ययं, प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मोजणीत ते दिसत नाहीत. सगळ्याच वाक्यांत इतकी घट होत नाही, पण साध्या माहितीपर मजकुरात मराठी शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी कमी भरते. आपल्या पुस्तिकेचे मराठी शब्द ६,०७० झाले असं धरा. शब्दाला २.६० रुपये दर असेल तर मूळ शब्दांवर १९,७३४ रुपये होतात, मराठी शब्दांवर १५,७८२. काम तेच, पण ‘दर शब्दाला’ याच्या आधी ‘मूळ’ हा शब्द लिहिला नाही म्हणून जवळपास चार हजार गेले. मूळ शब्दांवर दर सांगण्याचा आणखी एक फायदा आहे : काम सुरू होण्याआधीच दोघांनाही पूर्ण रक्कम ठाऊक असते आणि आटोपशीर लिहिणाऱ्याला त्याची शिक्षा मिळत नाही.

मराठीतून इंग्रजीत जाताना हे गणित उलटतं. मराठी दहा हजार शब्दांचे इंग्रजीत साधारण साडेबारा हजार होतात. म्हणून इंग्रजी शब्दाला २.६० घेत असाल, तर मूळ मराठी शब्दाला ३.२५ सांगायला हवेत. स्कॅन केलेले फेरफार, हस्तलिखित पत्रं, जुने दस्त यांची तर आधी मोजणीच होत नाही. तिथे एक पान करून पाहावं आणि पानाचा दर सांगावा.

पण २.६० तरी कुठून आले? बाजारात काय चाललंय ते विचारून दर ठरवणारे खूप आहेत. मला तो मार्ग पटत नाही, कारण बाजारात चाळीस पैशांनाही काम करणारा कुणीतरी असतोच. हिशेब उलटीकडून करावा. समजा घरखर्च, इंटरनेट, विमा, संगणकाची झीज धरून महिन्याला ७०,००० रुपये लागतात. कामाचे दिवस बावीस असले तरी मेल, बिलं आणि नवं काम शोधणं यांत सात सहज जातात. उरलेल्या पंधरा दिवसांत, पुन्हा वाचून तपासण्यासह, रोज १,८०० शब्द नीट होतात असं धरलं तर २७,००० शब्द झाले. सत्तर हजार भागिले सत्तावीस हजार म्हणजे २.६० च्या अगदी जवळ. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. हा आकडा तुमचा तळ आहे. ग्राहक घासाघीस करणार असेल तर सांगताना त्याच्या वरून सुरुवात करा. आणि ग्राहक टीडीएस कापणार असेल, तर सांगितलेली रक्कम कपातीपूर्वीची आहे हे लिहा.

आता कामाची हद्द. दरावरून भांडणं कमी होतात, हद्दीवरून जास्त. पुस्तिका पोचल्यावर कंपनीचे विक्री अधिकारी म्हणतात, ‘गाळणी’ नको, सगळीकडे ‘फिल्टर’ करा. ही चूक आहे की आवड? ‘गाळणी’ चुकलेलं नाही, म्हणून ही आवड. चूक असेल तर ती कधीही फुकट दुरुस्त करायची, यात वाद नको. आवडीनिवडीचे बदल मात्र एकाच फेरीत, एकत्र आणि ठरलेल्या मुदतीत यावेत. त्याहून बरं म्हणजे काम सुरू करण्याआधी पन्नासेक संज्ञांची यादी पाठवून त्यावर होकार घ्यायचा.

दुसरी अडचण चौथ्या दिवशी येते : मूळ फाइलची नवी आवृत्ती, सोबत “थोडंसंच बदललंय” असा निरोप. तो शब्दावर घेऊ नका. वर्डमध्ये `Review` खाली `Compare` आहे. जुनी-नवी फाइल त्यात घातली की नेमकं काय बदललं ते रंगीत दिसतं. बदललेले शब्द मोजा, त्यांचा वेगळा दर लावा आणि मुदत पुढे न्या. यासाठी दरपत्रकात फाइलचं नाव आणि तारीख असलीच पाहिजे, नाहीतर ‘मूळ’ कुठलं हेच सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर छपाईसाठी इनडिझाइनमध्ये जातो. तिथे भारतीय लिप्यांसाठीची योग्य जुळणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. मराठी न येणाऱ्या मांडणीकाराला ते दिसत नाही आणि छापून आल्यावर नाव अनुवादकाचं खराब होतं. म्हणून मांडणीनंतरची पीडीएफ तपासणं दरपत्रकात वेगळं दाखवा, तासाच्या दराने.

या सगळ्याचा मेल फार लांब होत नाही :

“अमुक तारखेच्या दोन फाइलींतील व नऊ चित्रांतील मिळून ७,५९० मूळ इंग्रजी शब्द. दर मूळ शब्दाला २.६० रुपये, एकूण १९,७३४ रुपये, टीडीएस कपातीपूर्वी. यात अनुवाद, स्वतःची तपासणी आणि पोचल्यापासून सात दिवसांत एकत्र कळवलेल्या बदलांची एक फेरी येते. मांडणी यात नाही. मांडणीनंतरची तपासणी आणि मूळ मजकुरातील नंतरचे बदल यांचे वेगळे पैसे होतील. अंतिम फाइल व संज्ञांच्या यादीला होकार मिळाल्यापासून सहा कामाचे दिवस. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली बिलापासून तीस दिवसांत. हे दर पंधरा दिवस लागू.”

एजन्सीकडून काम आलं तर ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांवर सूट मागेल. तो तक्ता पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर एवढंच करा : वरच्या मेलला लेखी ‘मान्य’ येईपर्यंत पहिलं वाक्यही अनुवादित करू नका. फोनवरचं “हो हो, करून टाका” त्यात धरायचं नाही.