कॉफी, यकृत आणि पित्ताशयातील खडे

यकृताच्या पेशींमध्ये काही एन्झाइम असतात. पेशींना इजा झाली की ते रक्तात पाझरतात, म्हणून रक्ततपासणीच्या अहवालात एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे दिसतात. त्यांच्या जोडीला जीजीटी नावाचे एन्झाइमही मोजले जाते. दारूच्या अतिसेवनाने किंवा पित्तनलिकेतील अडथळ्याने ते वाढते. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये हे आकडे सरासरीने कमी असतात, हे निरीक्षण जुने आहे. नॉर्वेतील ट्रोम्सो येथील संशोधकांनी 1980च्या दशकात मोठ्या लोकसमूहाची तपासणी केली, तेव्हा कॉफी जितकी जास्त तितके जीजीटी कमी, असा संबंध त्यांना दिसला. पुढे इतर देशांतही तसेच आढळले. दारू पिणाऱ्यांत हा फरक अधिक ठळक होता.

एन्झाइम कमी असणे म्हणजे यकृत सुरक्षित असणे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सिरोसिस झालेल्या रुग्णाचा एसजीपीटीही कधीकधी सामान्य मर्यादेत असतो. त्यामुळे खरा प्रश्न असा होता की कॉफी पिणाऱ्यांना यकृताचा आजारच कमी होतो का.

कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेच्या सदस्यांच्या अभ्यासाने या प्रश्नाला थेट हात घातला. आर्थर क्लॅट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 ते 1985 या काळात आरोग्यतपासणी झालेल्या 1,25,580 लोकांची माहिती घेतली. तपासणीच्या वेळी यांपैकी कुणालाही यकृताचा आजार असल्याची नोंद नव्हती. 2001 अखेरपर्यंत त्यांपैकी 330 जणांना सिरोसिस झाला आणि त्यांतील 199 जणांचा सिरोसिस दारूमुळे झालेला होता. अजिबात कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत रोज 1 ते 3 कप पिणाऱ्यांत दारूमुळे होणाऱ्या सिरोसिसचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी होता, तर 4 किंवा अधिक कप पिणाऱ्यांत तो सुमारे 80 टक्क्यांनी कमी होता. दारूशी संबंध नसलेल्या सिरोसिसबाबत असा स्पष्ट फरक दिसला नाही. चहा पिणाऱ्यांतही तो दिसला नाही.

2021 साली ब्रिटनच्या यूके बायोबँकेतील 4,94,585 लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी 10 वर्षांहून थोड्या अधिक काळात त्यांपैकी 3,600 जणांना दीर्घकालीन यकृतविकार झाला. कॉफी पिणाऱ्यांत हा धोका 21 टक्क्यांनी आणि अशा विकाराने मृत्यू होण्याचा धोका 49 टक्क्यांनी कमी आढळला. रोज 3 ते 4 कपांपर्यंत लाभ वाढत गेलेला दिसला. 21 टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण मूळ धोका लहान असेल तर प्रत्यक्ष फरकही लहानच असतो. या अभ्यासातील सुमारे 78 टक्के लोक कॉफी पिणारे होते. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर दशकभरात कॉफी न पिणाऱ्या दर हजारांत सुमारे 9 जण आजारी पडले असतील आणि पिणाऱ्या दर हजारांत सुमारे 7. म्हणजे फरक हजारामागे दोघांचा. दारूचे व्यसन, स्थूलता किंवा मधुमेह असलेल्यांत मूळ धोकाच मोठा असतो, त्यामुळे तेच टक्के तिथे अधिक लोकांना लागू पडतात.

या पुराव्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की कार्यकारणाची दिशा उलटी असू शकते. कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतात होते. यकृत बिघडले की कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते, झोप उडते, छाती धडधडते आणि माणूस आपोआप कॉफी कमी करतो. मग आजारी माणसे ‘न पिणाऱ्यां’च्या गटात जमा होतात आणि कॉफीला न केलेल्या कामाचे श्रेय मिळते. सुरुवातीला यकृत निरोगी असलेल्या लोकांचा दीर्घ काळ मागोवा घेतला की हा दोष बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. कॉफी पिणारे आणि न पिणारे यांच्या आहारात व राहणीमानात इतरही फरक असतात. यकृताचा आजार व्हायला दशके लागतात, म्हणून लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागायचे आणि एका गटाला वीस वर्षे कॉफी द्यायची, असा प्रयोग व्यवहार्य नाही. त्यामुळे संबंध भक्कम आणि वेगवेगळ्या देशांत सातत्याने आढळलेला आहे, पण त्याचा निर्णायक पुरावा नाही, असेच म्हणावे लागते.

कॉफीतले नेमके काय काम करते याचे उत्तर एका घटकावर थांबत नाही. कॅफीन यकृतात व्रण निर्माण करणाऱ्या पेशींना आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसते. मात्र यूके बायोबँकेत कॅफीन काढलेल्या कॉफीशीही कमी धोका जोडलेला होता. त्यामुळे क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांचाही वाटा असावा.

कॉफी कशी गाळली जाते याला मात्र निश्चित महत्त्व आहे. बियांतील कॅफेस्टॉल आणि काहवेऑल हे तेलकट घटक कागदाच्या गाळणीत अडकतात आणि न गाळलेल्या कॉफीत राहतात. नेदरलँड्समधील प्रयोगांत निरोगी स्वयंसेवकांना कागदातून न गाळलेली कडक कॉफी रोज 5 ते 6 कप दिली, तेव्हा त्यांचे एसजीपीटी आणि वाईट कोलेस्टेरॉल दोन्ही वाढले. ती कॉफी बंद केल्यावर आकडे पुन्हा खाली आले. म्हणजे कॉफी एन्झाइम खाली आणते आणि वरही नेऊ शकते. ते कशा पद्धतीने केलेली कॉफी, किती प्रमाणात घेतली यावर ठरते. दक्षिण भारतीय फिल्टरमध्ये कागद नसतो, धातूची चाळणी असते. त्यातच चिकोरी मिसळलेली पूड, भरपूर दूध आणि साखर हा वेगळाच पदार्थ होतो. छोट्या पेल्यातली अशी कॉफी म्हणजे या अभ्यासांतला एक कप नव्हे.

पित्ताशयातील खड्यांबाबतचा पुरावा थोडा वेगळा आहे. यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते. पित्तात कोलेस्टेरॉल फार झाले आणि पित्त साचून राहिले की त्याचे स्फटिक जमून खडे होतात. कॉफीमुळे आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते आणि पित्ताशय आकुंचन पावते. त्यामुळे पित्त वाहते राहते, ही संभाव्य कारणमीमांसा आहे. अमेरिकेत 46,008 पुरुष आरोग्यव्यावसायिकांचा 10 वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज 2 ते 3 कप पिणाऱ्यांत त्रासदायक खड्यांचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी होता. परिचारिकांच्या अभ्यासात 4 किंवा अधिक कप पिणाऱ्या स्त्रियांत तो सुमारे 28 टक्क्यांनी कमी होता. कॅफीन काढलेल्या कॉफीशी पुरुषांच्या अभ्यासात संबंध दिसला नाही. कोपनहेगनच्या लोकसंख्याअभ्यासातील जनुकीय विश्लेषणही याच दिशेने गेले. जास्त कॉफी पिण्याकडे कल देणारी जनुके जन्मतः असणाऱ्यांत खड्यांचा धोका कमी होता. जनुके आजारामुळे बदलत नाहीत, म्हणून उलट्या दिशेचा आक्षेप इथे कमजोर पडतो.

हे सारे खडे होण्यापूर्वीचे आहे. खडे आधीच असतील तर ज्या आकुंचनाने पित्त वाहते राहते, त्याच आकुंचनाने खडा नळीच्या तोंडाशी अडकू शकतो आणि उजव्या बरगडीखाली कळ येऊ शकते. कॉफीने खडे विरघळत नाहीत. असे दुखणे वारंवार येत असेल, त्यासोबत ताप किंवा कावीळ असेल, तर सोनोग्राफी आणि डॉक्टरांचा सल्ला लांबवू नये. वाढलेल्या एसजीपीटीचे कारणही शोधावे लागते. फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, औषधे ही नेहमीची कारणे आहेत. कॉफीने आकडा खाली आला तरी यांपैकी कोणतेही कारण नाहीसे होत नाही. कॉफी सहन होत असेल, झोप बिघडत नसेल आणि गर्भधारणा किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसारखे कारण नसेल, तर कागदाने गाळलेली, साखर नसलेली 2 ते 4 कप कॉफी यकृतासाठी धोक्याची मानण्याचे कारण नाही. कॉफी न आवडणाऱ्याने मात्र केवळ यकृतासाठी ती सुरू करावी, इतका पुरावा अद्याप नाही.