गावाच्या रकान्यातली पेपरफुटी

समजा, छोट्या दुकानदारांना कर्ज देणाऱ्या एका पतसंस्थेकडे जुन्या कर्जांचा तक्ता आहे. त्यात कर्जाची तारीख, गाव, अधिकाऱ्याचा शेरा आणि शेवटी कर्ज फिटले की थकले, अशी नोंद आहे. नव्या अर्जदाराचे कर्ज थकेल का, हे मॉडेलने सांगायचे आहे. बहुतेक मॉडेलना आकडेच लागतात. तारीख, गाव आणि शेरा यांतून कामाचे आकडे काढण्याला फीचर इंजिनिअरिंग म्हणतात.

तारखेतून महिना सहज निघतो, पण दुकानदाराचा हंगाम इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला. त्यामुळे ‘दिवाळीला किती दिवस उरले’ हा आकडा महिन्यापेक्षा जास्त सांगून जातो.

खरी गोची गावाची. गावे शेकडो असली की प्रत्येकासाठी वेगळा रकाना करणे परवडत नाही. म्हणून गावाच्या नावाऐवजी तिथल्या थकलेल्या कर्जांचे प्रमाण लिहितात. हेच टार्गेट एन्कोडिंग. २०० पैकी ४० कर्जे थकली असतील, तर त्या गावाचा आकडा ०.२०.

पण ज्या गावात एकच कर्ज दिले आणि ते थकले, त्याचा आकडा होतो १. ही गावाची माहिती नव्हेच, त्या एका कर्जदाराचे उत्तर आहे. परीक्षेआधी पेपर फुटावा तसा प्रकार. मॉडेल जुन्या कर्जांवर भरघोस गुण मिळवते आणि नव्या अर्जांवर आपटते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे लहान गावांचे प्रमाण एकूण सरासरीकडे ओढणे. एकूण थकबाकी १० टक्के धरू आणि प्रत्येक गावात सरासरी वागणारी २० काल्पनिक कर्जे मिळवू. म्हणजे २१ कर्जांत ३ थकलेली, आकडा ०.१४३. ठीक वाटते. पण एकाच कर्जाच्या दुसऱ्या गावात ते फिटले असेल, तर आकडा येतो २ भागिले २१, म्हणजे ०.०९५. या दोन आकड्यांमध्ये रेघ मारली की एका कर्जाच्या सगळ्या गावांची उत्तरे पुन्हा उघडी! पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि इथेच फसतात.

म्हणून कर्जांचे पाच गट करावेत आणि प्रत्येक गटासाठी गावाचे प्रमाण उरलेल्या चार गटांवरून काढावे. कोणत्याही कर्जाचे स्वतःचे उत्तर त्याच्या रकान्यात शिरता कामा नये. एकाच कर्जाच्या गावाला मग एकूण सरासरी मिळते, आणि त्या गावाबद्दल आपल्याला तेवढेच ठाऊक असते. गळती तपासायची असेल, तर गावांची नावे कर्जांमध्ये उलटसुलट वाटून सगळे पुन्हा करून पाहावे. तरीही मॉडेल गावाच्या रकान्याला महत्त्व देत असेल, तर उत्तर झिरपते आहे.

शेऱ्यातून ‘जामीनदार’, ‘जुना ग्राहक’ असे शब्द आहेत की नाहीत, एवढे टिपले तरी सुरुवातीला पुरते. मात्र ‘वसुलीसाठी दोनदा घरी गेलो’ हा शेरा कर्ज थकल्यावरचा असतो. तो रकाना वापरण्याआधी कोणता शेरा केव्हा लिहिला गेला, हे शाखेत विचारून घ्या.